जादा अर्धा तास

बटणमावशींनी आमच्या इमारतीतली अकरा मुलं बोलती-चालती केली. हा हिशेब त्यांचाच, आणि तो त्या बोटांवर मोजून दाखवत. बोटं दहाच असल्यामुळे अकराव्याला, म्हणजे आमच्या टिल्लूला, त्या स्वतःच्या नाकावर मोजायच्या. बावीस वर्षांत त्यांच्याबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. तो काढायचं काम माझ्याकडे आलं.

त्यांच्या पिशवीत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे आणि डब्यात त्रेसष्ट बटणं. दोन भोकांची, चार भोकांची, शर्टाची, झग्याची, आणि कोटाचं एक भलंमोठं काळं, त्याला त्या हेडमास्तर म्हणायच्या. मूल कुरकुरायला लागलं की डबा उघडायचा. मग शाळा भरायची, हेडमास्तर ओरडायचे, चार भोकांची मुलं दोन भोकांच्या मुलांना चिडवायची, लग्नं लागायची, रुसवेफुगवे व्हायचे. खेळ संपला की मावशी बटणं मोजायच्या. एक जरी कमी भरलं तरी आधी मुलाचं तोंड उघडून बघायचं आणि मग कोचाखाली वाकायचं. त्रेसष्ट झाल्याशिवाय त्या घरी जात नसत. मी त्यांना मागून हसायचो. बायकोला म्हणायचो, ही बाई बँकेत असती तर बँक बुडाली नसती.

राहायला त्या पुतण्याकडे होत्या. राहायला म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्याखाली. पुतण्याची बायको सकाळी पाचला दिवा लावायची, तेव्हा मावशींनी अंथरूण गुंडाळलेलं असलं पाहिजे, आणि रात्री शेवटचं भांडं घासून होईपर्यंत ते पसरायचं नाही. वयाच्या साठीला त्यांना जगात कुठेही पाय लांब करून बसायला जागा नव्हती. आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना जुळं होणार होतं. त्यांनी मावशींना विचारलं, आमच्याकडेच राहाल का, बाळांच्या खोलीशेजारची लहान खोली तुम्हाला. मावशी ती खोली दोनदा बघून आल्या. खाली येऊन टिल्लूला सांगत होत्या, "खिडकी आहे रे तिला. आणि दाराला आतून कडी." कडीचं त्यांना फार कौतुक होतं. दीडेक महिन्यानं, एक तारखेला, त्या वर जाणार होत्या. टिल्लूसाठी तोवर आम्ही पाळणाघर बघत होतो.

आता माझ्या बायकोबद्दल. ती न बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवते. तिच्याकडे दिवसभर तीन-चार वर्षांची मुलं येतात, ज्यांना शब्दच फुटलेला नसतो, आणि त्यातल्या निम्म्यांच्या आईबापांना ती एकच सांगते, की आधी घरातला टीव्ही आवरा. इमारतीत तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. अशा बाईच्या घरी नवा टीव्ही आला, तर पहिल्या रविवारी काय होणार? ती रिमोट घेऊन बसली, टिल्लूसाठी मुलांचं वेगळं प्रोफाइल उघडलं, त्याला कोल्ह्याचं चित्र दिलं आणि वेळेचं पान काढलं. रोजचा एक तास. संध्याकाळी सात ते सकाळी सात पूर्ण बंद. शनिवार-रविवारी सवलत नाही. वर चार आकड्यांचं कुलूप, म्हणजे पोरानं स्वतःच्या प्रोफाइलमधून बाहेर पडून मोठ्यांचं काही लावायला नको. मावशी आणि मी दोघं शिक्षा झाल्यासारखे तिच्यामागे उभे होतो.

मावशींनी एकच प्रश्न विचारला. "आज दहा मिनिटं उरली, तर ती उद्या मिळतात का?"

"नाही मावशी. मध्यरात्री नवा तास सुरू होतो. उरलेलं गेलं."

"मग बरंय," मावशी म्हणाल्या. "साठवून ठेवायचं नाही, म्हणजे भांडणही नाही."

त्यांना मुळात ते यंत्र आवडत नव्हतं. तास संपायला दहा मिनिटं उरली की पडद्यावर सूचना येते, मग पाच मिनिटांची, मग एक मिनिटाची, आणि मग घड्याळाचं चित्र येऊन सगळं बंद. मावशी पाच मिनिटांच्या सूचनेलाच रिमोट उचलायच्या आणि स्वतः बंद करायच्या. मी एकदा म्हटलं, अहो, पाच मिनिटं फुकट का घालवता? तर म्हणाल्या, "दादा, त्यानं बंद केलं तर पोर त्याच्यावर रडतं. ते रडणं पुसायचं कुणी? मी बंद केलं तर माझ्यावर रडतं. मग मला घेता येतं त्याला." हे वाक्य मी ऑफिसात दोन ठिकाणी स्वतःचं म्हणून वापरलं आहे.

माझं ऑफिस म्हणजे घरातलीच आतली खोली. मी एका कंपनीत चिडलेली गिऱ्हाइकं सांभाळतो. तक्रार खालून वर येत येत शेवटी माझ्याकडे पोचते, आणि ती मी बंद करतो. सोडवतो असं म्हणालो नाही, बंद करतो. रोज दुपारी चार वाजता माझ्या साहेबांबरोबर आणि दोन-तीन शाखांबरोबर बैठक असते, फोनवर. आणि टिल्लू शाळेतून येऊन, जेवून, झोपून, तीनला टीव्हीसमोर बसायचा. म्हणजे त्याचा तास बरोबर चारच्या सुमारास संपायचा. मग बटणांची शाळा भरायची.

इथे एक गंमत बघा. टीव्ही चालू असला की टिल्लू मुका. बटणं निघाली की पोराचं तोंड बंद होत नसे. हेडमास्तरच्या आवाजात ओरडायचा, नवरीच्या आवाजात लाजायचा, खदाखदा हसायचा. घरात बोलण्याची शाळा चालली होती, जी माझी बायको दुसऱ्यांच्या मुलांना तासावर देते. आणि मला त्याचा त्रास व्हायचा. एकदा साहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्याकडे जत्रा आहे का हो?" सगळे हसले. मी त्या दिवशी बैठक संपल्याबरोबर बाहेर आलो.

"मावशी, इकडे या. हे शिकून घ्या." घड्याळाच्या चित्राखाली जादा वेळ म्हणून एक ओळ असते. ती दाबायची, चार आकडे टाकायचे, आणि मग मिनिटं विचारतं, तिथे तीस. आकडे मी त्यांना सांगितले. त्या हळू आवाजात दोनदा म्हणाल्या आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या.

"ताईंना विचारलंय ना?"

"मी बाप आहे ना त्याचा?"

"तसं नाही हो दादा. पण त्यांनी एक तास सांगितलाय."

"रोज चारला फक्त अर्धा तास. आणि तिला सांगायची गरज नाही." मग मी जे म्हणालो ते आठवलं की अजून जिभेवर कडू येतं. "डॉक्टरीणबाई परवा तुमच्याबद्दल विचारत होत्या. मी चांगलंच सांगणार आहे त्यांना."

डॉक्टरीणबाईंनी मला काहीही विचारलं नव्हतं. मावशी कडीची खोली डोळ्यांसमोर आणून गप्प बसल्या, आणि मला तेवढंच हवं होतं.

असे तीन आठवडे गेले. जादा वेळ त्या दिवसापुरताच असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तासच मिळतो, आणि वेळेच्या पानावर एक तासच दिसतो. बायको दर रविवारी ते पान उघडून बघायची आणि समाधानानं मिटायची. मी शेजारी बसून चहा प्यायचो. चारची बैठक शांत झाली होती. साहेब एकदा म्हणाले, जत्रा उठली वाटतं, आणि मला फार बरं वाटलं. मावशी मात्र रोज आकडे टाकण्याआधी एकदा माझ्या बंद दाराकडे बघत, असं मला टिल्लूनं सांगितलं होतं. तो त्याला खेळ समजून त्यांची नक्कल करून दाखवायचा.

त्या मंगळवारी बायकोच्या दवाखान्यात पाण्याचा पाइप फुटला आणि ती साडेतीनलाच घरी आली. आली, पोराला मांडीवर घेऊन त्याच्याबरोबर कार्टून बघत बसली. मी आत. चारला कानाला फोन लावला. बाहेर घड्याळाचं चित्र आलं असणार, कारण बायकोचा लाडिक आवाज ऐकू आला, "संपला बघ तास! आता बंद करायचा ना?"

टिल्लू मांडीवरून उतरला, रिमोट घेतला आणि मावशींच्या हातात दिला. "मावशी, नंबर टाक ना."

"कुठला नंबर, राजा?" बायको हसतच म्हणाली.

"चार वेळा दाबायचं. मग तो कोल्हा परत येतो."

 मी कानात साहेबांचे आकडे ऐकत होतो आणि दाराकडे बघत होतो. मग बायकोनं मला हाक मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्या हाकेला मी बाहेर गेलो.

मावशी टीव्हीसमोर उभ्या होत्या, दोन्ही हातांत रिमोट धरून. बायकोचा चेहरा पांढरा पडला होता. चिडली की ती लाल होत नाही.

"तू यांना आकडे दिलेस?"

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. हो, दिले. त्यावर काय झालं असतं? ती आठवडाभर बोलली नसती. दिवसभर जगाला टीव्ही आवरा म्हणणाऱ्या बाईच्या घरात नवराच चोरून टीव्ही लावतो, हे तिला जिव्हारी लागलं असतं, मी चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि विषय संपला असता. मला एवढंही झेपणार नव्हतं. मी सरळ कानांवर हात ठेवले.

"मी? मी कशाला देऊ?"

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझा धंदाच असा, की नुसतं नाही म्हटलं तर गिऱ्हाईक आणखी खोदतं, त्याच्या हातात एक कारण द्यावं लागतं. म्हणून मी पुढे म्हणालो, "तू टाकत असशील तेव्हा बघून ठेवले असतील त्यांनी."

"दादा," मावशी म्हणाल्या. नुसतं एवढंच. मग बायकोकडे वळल्या. "ताई, दादांनीच सांगितले. त्यांचा चारला फोन असतो ना, पोराचा आवाज जातो, म्हणून. मी विचारलं होतं त्यांना, ताईंना विचारलं का म्हणून."

"मावशी, चूक झाली तर झाली म्हणावं," मी म्हणालो. आवाज अगदी मऊ. तो माझा कामाचा आवाज. "माझ्यावर कशाला ढकलता?"

बायको आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मला वाटतं, त्या क्षणी ती अडली होती. मला ती दहा वर्षं ओळखते, आणि मी कसा आहे हे तिला ठाऊक नाही असं थोडंच आहे? पण तिनं पोराला जवळ ओढलं आणि विचारलं, "टिल्लू, नंबर कोण टाकतं? बाबा की मावशी?"

"मावशी."

"बाबांनी टाकला कधी?"

"बाबा तर आत असतात," टिल्लू म्हणाला.

चार वर्षांचा साक्षीदार, आणि एक अक्षर खोटं बोलला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तिथे निदान संन्यासी अनोळखी असतो. इथे साक्ष देणाऱ्याला मावशींनीच बोलायला शिकवलं होतं. मावशींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "खरं बोललं लेकरू." मग खाली बसून त्या टिल्लूनं दुपारी सांडलेली बटणं गोळा करू लागल्या. मोजली. बासष्ट भरली. बायको म्हणाली, "राहू दे मावशी, मिळालं तर पाठवून देऊ." त्या बासष्टच घेऊन गेल्या.

संध्याकाळी बायकोनं इमारतीतल्या आयांच्या ग्रुपवर लिहिलं. मी शेजारीच होतो, तिनं मला वाचून दाखवलं. आमच्याकडच्या मावशींनी टीव्हीच्या कुलपाचे आकडे चोरून बघितले, आमच्या पाठीमागे मुलाला रोज जादा टीव्ही लावत होत्या आणि विचारल्यावर घरातल्या माणसावर आळ घेतला. कृपया ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी काळजी घ्यावी. "जास्त कडक झालं का?" तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "चोरून हा शब्द काढ, नुसतं बघितले म्हण." तिनं काढला. म्हणाली, तू फार मऊ आहेस.

दुसऱ्या दिवशी टिल्लूला शाळेत सोडून परत आलो, तर मावशी खाली टपालाच्या पेट्यांजवळच्या बाकावर बसलेल्या. डोळे सुजलेले नव्हते की काही नाही. केस नीट विंचरलेले, चप्पल पुसलेली. मला वाटलं, आता ही तोंड सोडणार. शेपूट घालून लिफ्टकडे निघालो.

"दादा, दोन मिनिटं." त्या उठल्या. "ताईंना काही सांगू नका. तुमच्या संसारात मला काडी घालायची नाही. मी कुणाकडे बोलणारही नाही, पोराची शप्पथ. फक्त वर डॉक्टरीणबाईंना एवढं सांगा, की आकडे मी चोरले नव्हते. तुमचं नाव नका घेऊ हवं तर. चोरले नव्हते, एवढंच. पुतण्याला मी एक तारखेचं सांगून बसले, दादा. त्यानं ओट्याखाली कपाट करून घ्यायला सुतार सांगितलाय."

मी सांगतो म्हणालो. आणि खरंच सांगणार होतो. यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, लिफ्टमध्ये मी वाक्य तयार केलं होतं. आकडे मीच दिले होते, आमच्या घरात जरा गैरसमज झाला, मावशी सोन्यासारख्या आहेत.

डॉक्टरीणबाई पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. पाय सुजून टम्म झालेले. भिंतीला दोन पाळण्यांची खोकी उभी होती, अजून न उघडलेली. मी बसायच्या आतच त्या म्हणाल्या, "ग्रुपवर वाचलं हो. मला तर खरंच वाटेना. तुम्ही घरी असता दिवसभर. काय झालं नक्की?"

तोंड उघडलं, आणि तेवढ्यात डोक्यात आलं, ही बाई आणि माझी बायको रोज संध्याकाळी खाली एकत्र फिरतात. आज सातपर्यंत सगळं घरी पोचेल. नाव न घेता सांगितलं तरी आकडे घरात दोघांनाच माहीत, तिसरं कोण असणार?

"मावशी मनानं वाईट नाहीत," मी म्हणालो.

हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. त्यात खोटं काढून दाखवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण?"

मी 'पण' म्हणालो नव्हतो. तो त्यांनी ऐकला. मला एवढंच म्हणायचं होतं, की पणबिण काही नाही. त्याऐवजी मी बाहेर काढलं ते माझं रोजचं वाक्य, जे म्हटलं की माझ्या टेबलावरची तक्रार बंद होते. "तुम्ही तुमचं ठरवा. बाळं लहान आहेत."

त्यांनी सुस्कारा सोडला. "बरं झालं तुम्ही येऊन सांगितलंत. लोक मेले काखा वर करतात अशा वेळी. दुसरी एकजण बघून ठेवली होती, तिलाच हो कळवते आता." मला पाणी विचारलं. मी प्यालो.

खाली येताना जिन्यानं आलो, म्हणजे जरा वेळ लागावा. मावशी बाकावरून उठून जिन्याच्या पहिल्या पायरीशी येऊन उभ्या होत्या.

"बोललात?"

"बोललो."

"काय म्हणाल्या?"

मला खरं सांगता आलं असतं. निदान तेवढं तरी. त्या तिथूनच पुतण्याकडे गेल्या असत्या, सुताराला थांबवलं असतं, दुसरीकडे हातपाय मारले असते. त्यांच्याजवळ अजून अकरा दिवस होते.

"फोन करते म्हणाल्या."

मावशींचं तोंड असं फुललं, की मला भिंतीकडे बघावं लागलं. "तोंडात साखर पडो तुमच्या, दादा. मला ठाऊक होतं. काल तुम्ही घाबरलात, एवढंच. घाबरतं माणूस." मग त्यांनी पिशवीतून आपला छोटा फोन काढला, फडक्यानं पुसला आणि माझ्यापुढे धरला. "याचा आवाज बारीक झालाय बघा. बसमध्ये ऐकूच येत नाही. मोठा करून द्या ना, त्यांचा फोन चुकायला नको."

मी फोन घेतला. बाजूचं बटण दाबत राहिलो, रेघ पार टोकाला पोचेपर्यंत.

"वाजवून बघा एकदा."

मी माझ्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. तो कर्कश आवाज पेट्यांवरून आपटत वरपर्यंत गेला. मावशी दचकल्या आणि मग हसायला लागल्या.

"बास, बास," त्या म्हणाल्या. "आता येईल ऐकू."